आमच्या २० वर्षं जुन्या बिल्डिंगच्या कोअर टेस्टमध्ये १३-१४ आलंय, ड्रॉइंगवर एम २० आहे. काँक्रीट फेल समजायचं का?

तो आकडा सिलिंडरचा आहे की क्यूबचा, ते आधी रिपोर्टमध्ये बघा. एम २० हा क्यूबचा आकडा आहे, आणि कोअर असतो गोल. एवढ्याशा गोष्टीवरून माझ्या मेहुण्याच्या सोसायटीत दोन तट पडले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टिल्टच्या कॉलममधून ७५ मिमी व्यासाचे तीन कोअर काढले होते. कॅपिंगनंतर उंची १०५ मिमी. फुटले ६२, ६८ आणि ६५ किलोन्यूटनला. पहिला घ्या: ६२,००० भागिले क्षेत्रफळ ४,४१८, म्हणजे १४.० न्यूटन प्रति चौरस मिमी. कोअरची उंची व्यासाच्या दुप्पट हवी, इथे १.४ पटच आहे. बुटका कोअर खऱ्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो, म्हणून ०.९३४ ने गुणायचं (०.११ × १.४ + ०.७८). आले १३.१. लॅब इथेच थांबली आणि कन्सल्टंटने १३.१ थेट २० शी ताडून 'फेल' लिहून टाकलं.

सिलिंडरवरून क्यूबवर यायला १.२५ ने गुणावं लागतं. मग येतात १६.४, १८.० आणि १७.२, सरासरी १७.२. आयएस ४५६ प्रमाणे सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के हवी, म्हणजे १७, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १५ च्या खाली नको. पास! काठावर का होईना, पण पास. मी हे मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं, तर अध्यक्ष म्हणाले, "रिपोर्टवर सही-शिक्का आहे, तुमच्या फळ्यावर नाही." त्यांना रिडेव्हलपमेंट हवं होतं, ते वेगळं.

शिवाय ते कोअर कॉलमच्या माथ्याजवळ, बीमच्या खाली काढलेले. ओतलेल्या काँक्रीटचं पाणी वर चढतं, त्यामुळे तिथलं काँक्रीट सगळ्यात कमजोर. एका कोअरमध्ये तर आडवी सळई होती. असा कोअर मी मोजलाच नसता.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगतो. ८५ टक्क्यांची सूट नव्या कामातला वाद मिटवायला आहे. साइटवरच्या काँक्रीटला क्यूबसारखं टाकीतलं क्युरिंग मिळत नाही, म्हणून ती दिली आहे. तुमची जुनी बिल्डिंग किती भार पेलेल हे तपासताना काही जण १७.२ ला ०.८५ ने भागून 'झाले २०' म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. १७ धरा, शंका असेल तर सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. तीन कोअरवरून अख्ख्या बिल्डिंगबद्दल बोलू नका, आणि सळया गंजल्यात का हे कोअरचा आकडा सांगत नाही, ते वेगळं तपासून घ्या.

तुमच्या रिपोर्टमधला लोड, व्यास आणि कॅपिंगनंतरची उंची कमेंटमध्ये टाका. हे तीन आकडे त्यात नसतील, तर लॅबचं बिल देऊ नका.