धावण्याआधी स्ट्रेचिंग किती आवश्यक?

प्रश्न: मी धावण्याआधी वीस मिनिटे स्ट्रेचिंग आणि फोम रोलिंग करतो. यातले काय वगळले तर चालेल?

उत्तर: बहुतेक सगळे. ऑस्ट्रेलियात 1,538 लष्करी प्रशिक्षणार्थींवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्यायामाआधी पायाचे स्नायू ताणून धरणाऱ्या गटाला न ताणणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी दुखापती झाल्या नाहीत. उलट एकच स्नायू मिनिटाहून अधिक काळ ताणून धरला, तर त्याची ताकद काही वेळ किंचित घटते. त्याऐवजी पाच-दहा मिनिटे सावकाश धावावे आणि वेगाचा सराव असेल तर पाय पुढे-मागे झुलवावेत.

फोम रोलरने सांधा थोडा वेळ मोकळा वाटतो, दुखरेपणाही किंचित कमी होतो. स्नायूतल्या ‘गाठी’ मात्र त्याने फुटत नाहीत. बरे वाटत असेल तर प्रत्येक पोटरीला एक-दोन मिनिटे पुरेत.

अपवाद घोट्याचा. भिंतीसमोर एक गुडघा टेकून, पुढचे पाऊल जमेल तितके मागे ठेवून, त्याची टाच न उचलता तो गुडघा भिंतीला लावून पाहावा. अंगठा भिंतीपासून एका बाजूला 10 सेंटिमीटरवर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम 5 वर राहत असेल, तर त्या पोटरीचे स्ट्रेचिंग धावण्याव्यतिरिक्तच्या वेळी, रोज, काही आठवडे करावे. घोट्यात पुढच्या बाजूला टोचत असल्यास मात्र ताणू नये, फिजिओथेरपिस्टला दाखवावे.