रविवारचं चिकन गुरुवारी?

रविवारी आणून फ्रीजमध्ये ठेवलेलं कच्चं चिकन गुरुवारी शिजवायचं का, असं विचारतोयस, तर वास येत नाही म्हणून ते चांगलं, असं धरू नकोस. वास आणि बुळबुळीतपणा आणणारे जिवाणू वेगळे. साल्मोनेलासारखे आजारी पाडणारे जिवाणू वास न येताही असू शकतात. आंबूस वास किंवा धुऊनही परत हाताला लागणारा चिकट थर असेल, तर सरळ टाकून दे. नुसत्या ओलसरपणाला घाबरू नकोस, तो ताज्यालाही असतो. आणि आलं-लसूण-दही लावलं असेल, तर नाकाचा काही उपयोगच नाही!

म्हणून दिवस मोज. ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली कच्चं चिकन एक-दोन दिवस, बस. रविवारचं मंगळवारपर्यंत शिजव. जमणार नसेल तर रविवारीच फ्रीझरमध्ये ठेव. गुरुवारपर्यंत खाली फ्रीजमध्येच राहिलेलं हे चिकन मी तरी शिजवणार नाही.