पानशेतच्या पुरावर व्हिडिओ करतोयस ना, मग आधी एवढंच कर

पहिल्याच भेटीत कॅमेरा काढू नकोस. पूर पाहिलेल्या आजींना "पुराबद्दल सांगा" म्हटलं की पेपरात वाचलेलंच ऐकायला मिळतं, त्यापेक्षा "पाणी तुमच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं?" असं विचार आणि गप्प बस, मग बघ कशा उठून भिंतीवर हात ठेवून दाखवतात, तो शॉट सोन्यासारखा. पंखा मात्र बंद करायला सांग, नाहीतर आवाजात नुसती घरघर.

तारखा-वेळा आठवणीत सरकतात. माझ्याकडे एक आजोबा ठामपणे "रात्री पाणी शिरलं" म्हणाले, पण १२ जुलै १९६१ ला पुण्यात पाणी दिवसाढवळ्या आलं होतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं की ते शाळेच्या वर्गात अंधारात काढलेल्या रात्रीबद्दल बोलत होते! म्हणजे खोटं काहीच नव्हतं. तेव्हा लगेच चूक काढू नकोस, नंतर जुन्या पेपरशी ताडून बघ.

आता फोटो. इथेच सगळे नवीन लोक आपटतात, मीपण. एका घरी पुतण्याने जुना फोटो दाखवून "घ्या हो, टाका" म्हटलं, मी टाकला, अल्बम निघाला आत्याबाईंचा, व्हिडिओ उतरवावा लागला. म्हणून:

- अल्बम घरी नेऊ नकोस, तिथेच स्कॅन कर
- मागची बाजूपण घे, स्टुडिओचा शिक्का असेल तर हक्क कोणाचा ते वेगळं विचारावं लागतं
- फोटो कोणाचा, त्यात कोण आहेत, यूट्यूबवर चालेल का, हे कागदावर सहीनिशी घे

व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड फोटो सध्या नकोच.