२४ टक्क्यांचे ८ टक्के झाले, तरी एनसीएलटीचं दार उघडं आहे

प्रश्न: "अंबड एमआयडीसीत आमची घरचीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. भागधारक सहा: आई, दोन भाऊ, दोन्ही वहिन्या आणि मी. माझे १ लाखातले २४,००० शेअर होते. भावांनी गेल्या वर्षी १० रुपये दराने २ लाख नवे शेअर काढून स्वतःलाच घेतले. मला ना पत्र, ना फोन. आता माझे ८ टक्के उरलेत आणि सीए म्हणतात, १० टक्क्यांच्या खाली गेलात म्हणजे तुम्हाला केसच करता येणार नाही. खरंच काही होऊ शकत नाही का?"

ताई, सीएंनी तुम्हाला अर्धंच कलम सांगितलंय. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४४ मध्ये एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, दडपशाहीविरुद्ध अर्ज करायचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोघांपैकी एक पुरतो. पहिला डोक्यांचा: १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, यातलं जे कमी असेल ते. दुसरा भांडवलाचा: ज्याच्याकडे इश्यू झालेल्या भांडवलाचे किमान १० टक्के आहेत तो. तुमच्या कंपनीत सभासद सहा. सहाचा दहावा हिस्सा पूर्ण एकसुद्धा भरत नाही, म्हणून तुम्ही एकट्या अर्ज करू शकता, हातात एकच शेअर असता तरी. दहापर्यंत सभासद असलेल्या प्रत्येक घरच्या कंपनीत हे असंच आहे, आणि तरीही "१० टक्के नाहीत" एवढ्यावर माणसं गप्प बसवली जातात, याचं फार वाईट वाटतं. मोजताना संयुक्त नावावरचे शेअर एकच सभासद धरतात. नव्या वाटपात पुतणे-भाचे घालून संख्या दहाच्या वर नेली असेल, तर आईंची लेखी संमती जोडा म्हणजे दोघी झालात.

भांडवलाचा रस्ताही बंद नाही. ज्या वाटपामुळे टक्का घसरला त्याच वाटपाला तुम्ही आव्हान देताय, तेव्हा वाटपाआधीचे २४ टक्के धरावेत, हा मुद्दा न्यायाधिकरणांनी वेळोवेळी मानलाय. आपल्याच चुकीचा फायदा घेऊन भावांना तुमचा अर्ज अडवता येत नाही. शिवाय पात्रतेची अट माफ करायचा अधिकार एनसीएलटीला आहेच. अर्जात तिन्ही गोष्टी पर्यायाने लिहा. आणि हे शेअर वडिलांकडून आले असून रजिस्टरवर अजून त्यांचंच नाव असलं, तरी घाबरू नका. वारसांना असा अर्ज करता येतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये वर्ल्ड वाइड एजन्सीज प्रकरणात सांगितलंय.

आता नुकसान किती ते आकड्यात मांडा, कारण अर्जाचा कणा तोच आहे. समजा वाटपाआधी कंपनीची नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरलेली मालमत्ता, ९ कोटी होती. म्हणजे शेअरची किंमत ९०० रुपये आणि तुमचा हिस्सा २ कोटी १६ लाखांचा. भावांनी २० लाख भरले, नेटवर्थ झाली ९ कोटी २० लाख, शेअर झाले ३ लाख. एका शेअरची किंमत उतरून सुमारे ३०७ रुपये झाली आणि तुमचे २४,००० शेअर ७३ लाख ६० हजारांवर आले. १ कोटी ४२ लाख ४० हजार रुपये तुमच्या खिशातून भावांच्या खिशात गेले. तुम्हाला ऑफर आली असती तर तुमच्या वाट्याचे ४८,००० शेअर फक्त ४ लाख ८० हजारांत मिळाले असते आणि हिस्सा जसाच्या तसा राहिला असता. म्हणून ते पत्र मिळालं की नाही, यावर सगळं ठरतं.

आहे त्या भागधारकांनाच हिश्श्याप्रमाणे नवे शेअर देणं म्हणजे राइट्स इश्यू. कलम ६२ प्रमाणे त्याची ऑफर प्रत्येक भागधारकाला जायलाच हवी: रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्ट, कुरिअर किंवा ईमेलने, आणि पोचल्याचा पुरावा राहील अशी. पत्र इश्यू उघडण्याच्या किमान तीन दिवस आधी निघावं आणि ऑफर ७ ते ३० दिवस खुली असावी. प्रायव्हेट कंपनीत याहून कमी मुदत चालते, पण त्यासाठी ९० टक्के सभासदांची लेखी संमती लागते. सहापैकी पाच म्हणजे ८३ टक्के. तुमच्या सहीशिवाय ती होऊच शकत नाही.

याच्या आधीची एक पायरी लोक विसरतात. १० लाखांच्या भांडवलावर आणखी २० लाखांचे शेअर काढायचे तर बहुतेक वेळा अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला किती भांडवलाचे शेअर काढता येतात ती मर्यादा, आधी वाढवावं लागतं. त्याला सर्वसाधारण सभा लागते आणि सभेला २१ दिवसांची नोटीस. कमी मुदतीची सभा भरवायला ९५ टक्के भांडवलाची संमती हवी, आणि तेव्हा २४ टक्के तुमच्याकडे होते. फक्त एक बघून घ्या: प्रायव्हेट कंपनीला आर्टिकल्समध्ये, म्हणजे आपल्या नियमावलीत, सभेच्या नोटिशीचे नियम बदलता येतात. आर्टिकल्सची प्रत वाचल्याशिवाय हा मुद्दा ठोकून लिहू नका.

कागद मिळवायला भावांच्या दारात जायची गरज नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर View Public Documents मध्ये १०० रुपये भरून कंपनीची दाखल कागदपत्रं उतरवून घ्या. आधी वाटपाचा फॉर्म PAS-3 उघडा. त्यात वाटपाची तारीख, दर, रोखीने की रोखीशिवाय हे असतं आणि सोबत कोणाला किती शेअर दिले त्याची यादी जोडलेली असते. "रोखीशिवाय" दिसलं, तर भावांनी कंपनीला दिलेलं आपलं जुनं अनसिक्युअर्ड लोन शेअरमध्ये फिरवलेलं असू शकतं. तसं असेल तर "कंपनीला पैशाची निकड होती" हा त्यांचा बचाव लंगडा पडतो, कारण नवीन पैसा आलाच नाही. मग SH-7 बघा. त्यात अधिकृत भांडवल वाढवल्याच्या सभेची तारीख मिळेल. वार्षिक विवरणपत्रात, म्हणजे MGT-7 किंवा छोट्या कंपनीच्या MGT-7A मध्ये, आधीचा आणि नंतरचा हिस्सा दिसेल आणि AOC-4 मधल्या ताळेबंदात त्या वर्षी बँकेत किती शिल्लक होती ते. बँकेत चांगली शिल्लक असताना २० लाखांसाठी राइट्स इश्यू काढला असेल, तर हेतू त्या पानावरच दिसतो.

त्यानंतर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र पाठवा. भागधारकांचं रजिस्टर आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं पाहू द्या, प्रती द्या, आणि ऑफरचं पत्र कोणत्या तारखेला, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या कन्साइनमेंट नंबरने पाठवलं ते कळवा, एवढंच मागा. इतिवृत्ताची प्रत ७ कामाच्या दिवसांत द्यावी लागते. बोर्डाची इतिवृत्तं मात्र नुसत्या भागधारकाला मागता येत नाहीत, तो हक्क डायरेक्टरचा. पत्रात चिडून काही लिहू नका. हेच पत्र पुढे जोडपत्र होणार आहे. त्यांनी नंबर दिला तर लगेच ट्रॅकिंग काढून ठेवा. लग्नाआधीच्या गंगापूर रोडच्या पत्त्यावर पत्र धाडलं आणि ते परत आलं, असं निघालं तर रजिस्टरवर तुमचा कोणता पत्ता आहे ते तपासा. तिथे तोच जुना पत्ता असेल तर तुमची बाजू कच्ची होते, आणि हे आधी कळलेलं बरं.

अर्ज कलम २४१-२४२ खाली एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठात करायचा. नाशिकच्या दिवाणी न्यायालयात जाऊ नका. कलम ४३० मुळे तिथे हा विषय चालत नाही आणि वर्ष दीड वर्ष वाया जातं. मुदतीचा कायदा इथे लागू आहे. तीन वर्षं वाटपाच्या तारखेपासून मोजा, तुम्हाला कळलं त्या तारखेपासून नाही. कळल्याच्या तारखेवरून वाद घालता येतो, पण त्यावर विसंबू नये.

मागण्या उतरत्या क्रमाने लिहा. पहिली, २ लाख शेअरचं वाटप रद्द करून रजिस्टर दुरुस्त करावं. ती नाही मानली तर ४८,००० शेअर त्याच १० रुपयांनी घ्यायची संधी द्यावी. तीही नाही तर वाटपाआधीच्या हिश्श्यावर, स्वतंत्र मूल्यांककाच्या किमतीने तुमचे शेअर विकत घ्यावेत. सोबत कलम २४२(४) खाली तातडीचा आदेश मागा: भांडवल आणि भागधारणा जैसे थे, प्लॉट आणि मशिनरी विकू किंवा गहाण टाकू नये. हा मागितला नाही आणि दरम्यान प्लॉट गेला, तर नंतर जिंकूनही हाती काही लागत नाही. एक वाक्य मात्र हमखास राहून जातं: या वागणुकीमुळे कंपनी "न्याय्य व उचित" कारणावरून गुंडाळण्याइतकी परिस्थिती आहे, पण गुंडाळली तर सभासदांचंच अन्यायकारक नुकसान होईल. कलम २४२ ला हे दोन्ही लागतं आणि ते अर्जात स्पष्ट लिहिलेलं हवं.

तुमच्या बाजूचा भक्कम निकाल म्हणजे २००४ चा डेल अँड कॅरिंग्टन. मॅनेजिंग डायरेक्टरने ताबा मिळवण्यासाठी स्वतःला शेअर वाटून घेतले होते. सुप्रीम कोर्टाने ते वाटप टिकू दिलं नाही आणि चूक करणाऱ्यालाच समोरच्याचे शेअर विकत घेऊ देणं म्हणजे त्याला बक्षीस देणं आहे, असं मानलं. समोरून १९८१ चा नीडल इंडस्ट्रीज दाखवतील. तिथे कंपनीची खरी गरज असल्यामुळे राइट्स इश्यू टिकला, पण स्वस्तात शेअर मिळवणाऱ्यांना दरातला फरक भरायला लावला होता. म्हणजे तो निकालही पूर्ण भावांचा नाही.

अर्जात वीस तक्रारी भरू नका. डायरेक्टरपदावरून काढलं, भावांनी पगार वाढवले, दिवाळीला बोलावलं नाही, हे सगळं एकत्र आलं की अर्ज घरच्या भांडणासारखा वाचला जातो. नुसतं डायरेक्टरपदावरून काढणं म्हणजे दडपशाही नव्हे, हे टाटा सन्सच्या प्रकरणात २०२१ मध्ये पक्कं झालंय. वाटप हाच मुद्दा धरा. पगार किंवा घरच्या फर्मला दिलेलं भाडं घ्यायचंच असेल, तर ज्याचा आकडा ताळेबंदात दिसतो तेवढंच घ्या.

बहुतेक अशी प्रकरणं शेवटी शेअर विकत घेण्यावर येतात, म्हणून मूल्यांकनाची तयारी आत्तापासून ठेवा. अंबडचा प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि ताळेबंदात कित्येक वर्षांपूर्वीच्या किमतीला पडून असतो. वर धरलेले ९ कोटी त्याच जुन्या किमतीवरचे असतील, तर खरी रक्कम बरीच मोठी निघेल. मूल्यांकनाच्या आदेशात तीन गोष्टी लिहून घ्या: जमीन-इमारत आणि मशिनरीचं वेगळं मूल्यांकन व्हावं, तारीख वाटपाच्या आदल्या दिवसाची असावी, आणि तुमचा हिस्सा अल्पसंख्य म्हणून किंमत कापू नये. तोवर भावांनी पाठवलेल्या कोणत्याही कागदावर, अगदी लाभांशाच्या पावतीवरसुद्धा, ८ टक्के लिहिलेलं असेल तर "हक्क राखून" असं हाताने लिहिल्याशिवाय सही करू नका.