‘व्हिडिओ हवा का?’ हा प्रश्नच चुकला

*मॅडम, मी लातूर जिल्ह्यातली. बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या ‘रावे’साठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहते. दोन वर्षांपासून शेतीचं यूट्यूब चॅनेल चालवते, १,८०० सबस्क्रायबर आहेत. मेच्या शेवटी पोल घेतला होता : ‘घरच्या सोयाबीन बियाण्यावर व्हिडिओ हवा का?’ ६४ मतं आली, त्यात ५८ ‘हो’. मग बारा दिवस स्क्रिप्ट लिहिली, दोन आठवडे शूटिंग-एडिटिंग. व्हिडिओ टाकला तेव्हा आमच्याकडे पेरण्या उरकत आल्या होत्या. व्ह्यूज २४०. आता ‘हरभरा लागवड : ए टू झेड’ करायचा विचार आहे. परत पोल घेऊ की सरळ स्क्रिप्टला बसू? पप्पा म्हणतात, हे बंद कर आणि एमपीएससीचा अभ्यास कर.*

स्क्रिप्टला अजून बसू नकोस. पोल घे, पण मेमध्ये घेतलास तसला नको, आणि त्याच्या आधी कमेंटमध्ये एक साधा प्रश्न टाक.

पहिल्यांदा ते ५८ ‘हो’ आले कुठून, ते बघू. ‘हवा का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायला माणसाला काही कारणच नसतं. तू राहतेस त्या गावात कुणाला विचारून बघ, ‘काका, बियाण्याची माहिती सांगू का?’ काका म्हणतील, ‘सांग की, बाई’ आणि परत मोटारीच्या फ्यूजकडे वळतील. हा होकार तुला दिलेला असतो, विषयाला नाही. मीही यात तोंडघशी पडले आहे. एका कॉलेजात मी वर्गाला विचारलं, ‘स्पर्धा परीक्षांवर व्याख्यान ठेवू का?’ सगळ्यांचे हात वर. व्याख्यानाला अकरा जण आले. पुढच्या वर्षी विचारलं, ‘मागच्या सहा महिन्यांत कुणी कुठला फॉर्म भरला आणि कुठे अडलात?’ निम्मा वर्ग नॉन-क्रिमीलेअर आणि जातपडताळणीच्या कागदांवर बोलायला लागला. त्या विषयावर बोलावलं तेव्हा खुर्च्या कमी पडल्या.

म्हणजे ‘पुढे काय आवडेल’ हे विचारायचं नाही. ‘मागे काय झालं’ हे विचारायचं. आवडीबद्दल लोक भलेपणाने बोलतात, झालेल्या नुकसानाबद्दल खरं बोलतात.

दुसरी शंका मतदारांची. पोलची लिंक वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होतीस का? पत्रात तसं लिहिलं नाहीस, पण बहुतेक मुलं टाकतातच. मतं पहिल्या अर्ध्या तासात धडाधड पडून मग एकदम थांबली असतील, तर ते शेतकरी नव्हते, हॉस्टेल होतं. यूट्यूबच्या पोलमध्ये कुणी कुठलं मत दिलं हे तुला दिसत नाही, त्यामुळे मागाहून गाळणी लावता येत नाही. ती आधीच पोलमध्ये बसवावी लागते. कशी, ते खाली सांगते.

आणि उशीर. हा मला सगळ्यात मोठा घोळ वाटतो. घरचं बियाणं ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून तपासायचं असतं, ते पेरणीच्या आधी. एकदा चाड्यावर मूठ ठेवली की त्या माहितीचं शेतकऱ्याला काय काम? तुझा विषय वाईट नव्हता. पोल घेऊनही तू महिना लावलास, म्हणजे पोलने तुझा वेळ वाचवलाच नाही.

आता हरभरा. तुझ्या जुन्या व्हिडिओंपैकी रब्बीचा, शक्यतो हरभऱ्याचा किंवा कोरडवाहू पिकाचा, सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ काढ. त्याच्याखाली स्वतः कमेंट लिहून ती पिन कर. नवीन पोस्टपेक्षा मी आधी ही जागा निवडते, कारण तिथे येणारा माणूस सर्च करून, स्वतःच्या शेतातली अडचण घेऊन आलेला असतो. प्रश्न असा :

‘मागच्या वर्षी तुमच्या हरभऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं झालं? किती एकर होता आणि कधी लक्षात आलं, तेवढं लिहा.’

हाच प्रश्न पोस्ट म्हणूनही टाक. ‘तुमचं मत कळवा’, ‘कसा वाटला सांगा’ असलं काही शेपूट जोडू नकोस. तीन-चार दिवस थांब आणि प्रत्येक उत्तराला एक उलटा प्रश्न विचार. कुणी लिहिलं, ‘एक एकर वाळला’, तर विचार, ‘फुलं लागायच्या आधी की नंतर? मागच्या दोन वर्षांत त्या रानात काय होतं?’ या देवाणघेवाणीतून तुला निम्मी स्क्रिप्ट फुकट मिळते, आणि ती माणसं पुढे व्हिडिओही बघतात, कारण त्यात त्यांचंच रान असतं.

उत्तरं येतील तशीच्या तशी वहीत उतरव. तू ‘मर रोग’ शिकली आहेस. कुणी तो शब्द वापरेल, कुणी लिहील ‘हरभरा जागच्या जागी वाळतोय’, ‘झाडं पिवळी पडून माना टाकतात’. दहापैकी सात जण ‘वाळतोय’ लिहीत असतील, तर शीर्षकात ‘वाळतोय’ असलं पाहिजे, कारण सर्चमध्येही ते तेच लिहिणार. मग यूट्यूबच्या सर्चमध्ये ‘हरभरा’ लिहून पुढे काय काय सुचवलं जातं तेही बघून ठेव. पोल तुझ्या ओळखीच्या लोकांपर्यंत जातो, अनोळखी माणूस सर्चमधून येतो, म्हणून दोन्हीकडे कान हवा.

एवढं झाल्यावर पोल. त्यातले पर्याय तुझ्या अभ्यासक्रमातून नाही, कमेंटमधून घ्यायचे. समज, चित्र असं निघालं :

‘मागच्या हरभऱ्यात सगळ्यात जास्त फटका कशाचा बसला?’
– झाडं जागेवर वाळली
– घाटेअळी
– पाण्याची वेळ चुकली
– वाण फसला
– मी हरभरा घेत नाही

शेवटचा पर्याय ही तुझी गाळणी. वर्गातली मुलं, शहरातले नातेवाईक तिकडे जातील. तो नसला की तेही उगाच पहिल्या पर्यायावर बोट ठेवून मोकळे होतात.

निकाल वाचताना टक्के झाकून माणसं मोज. समज ६० मतं आली. २० जण हरभरा न घेणारे, राहिले ४०. त्यात ‘वाळली’ला १८, घाटेअळीला १५, बाकीच्यांना मिळून सात. पडद्यावर वाळलेला हरभरा पुढे दिसेल, पण फरक तीन माणसांचा आहे. त्या अठरातले तिघं त्या दिवशी लग्नाला गेले असते तर बरोबरी झाली असती. एवढ्याशा फरकावर ‘प्रेक्षकांनी कौल दिला’ म्हणू नकोस. पाणी आणि वाण मात्र मागे पडले, हे खात्रीने म्हणता येईल. पोल इतकंच करतो : चारातले दोन गाळून देतो. उरलेल्या दोघांत कोण, हे कमेंटच्या वजनावर ठरव. कशाबद्दल लोकांनी तीन-तीन ओळी लिहिल्या, कशाबद्दल नुसता अंगठा दाखवला?

इथे तुझं शिक्षण कामाला येतं. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते, बियाण्यातूनही येते. त्यामुळे रोगाला दाद न देणारा वाण, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया, पिकाची फेरपालट हे सगळे उपाय पेरणीच्या आधीचे. झाड वाळायला लागल्यावर व्हिडिओ बघून तो शेतकरी करणार काय? घाटेअळीचा त्रास फुलं-घाटे धरताना, म्हणजे पेरणीनंतर बऱ्याच दिवसांनी. तेव्हा १८ आणि १५ मध्ये भांडण नाहीच. वाळणाऱ्या हरभऱ्याचा व्हिडिओ आधी, अळीचा नंतर. ‘ए टू झेड’ मात्र सोड. ज्याचा हरभरा वाळला त्याला पाण्याच्या पाळ्या ऐकत पंधरा मिनिटं बसायचं नसतं.

पोल टाकण्याच्या आधी वहीत एक ओळ लिहून ठेव : किती आलं तर करायचं आणि किती आलं तर सोडायचं. तुझ्या १,८०० च्या चॅनेलवर आठ-दहा जणांनी स्वतःच्या शेताची हकीकत लिहिली, तर मी तो विषय धरला असता. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. दोन-तीन विषय तपासलेस की तुझा आकडा तुला सापडेल. पण तो आधी लिहिलेला हवा. निकाल बघून आकडा ठरवला की आपला लाडका विषय प्रत्येक वेळी पास होतो.

काहीच उत्तर आलं नाही, तर लगेच विषय मेला असं समजू नकोस. पोस्ट किती जणांना दिसली ते यूट्यूब स्टुडिओमध्ये बघ. शंभरेक जणांनाच दिसली असेल, तर विचारणं झालंच नाही. दुसऱ्या वेळी, संध्याकाळी शेतातून माणसं परत आल्यावर, पुन्हा टाक. हजारभर लोकांना दिसूनही शांतता असेल, तर ते उत्तर आहे.

या सगळ्याला आठवड्याच्या वर वेळ देऊ नकोस. कोरडवाहू हरभऱ्याची पेरणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. बारा दिवसांची स्क्रिप्टही नको. विषय एवढा आवळल्यावर सहा-सात मिनिटांत मावतो, आणि कमेंटमधल्या हकीकती हाताशी असल्या की दोन संध्याकाळी पुरतात.

पप्पांबद्दल. मी तुला अभ्यास सोड म्हणणार नाही, आणि २४० व्ह्यूजच्या चॅनेलवर पोट भरेल असंही म्हणणार नाही. ‘रावे’त तू गावात सर्वेक्षण करतेसच. त्याच वहीत प्रत्येक विषयाचं एक पान कर : काय विचारलं, किती जणांना दिसलं, काय आलं, काय केलं, व्ह्यूज किती. कृषी विस्ताराच्या किंवा बियाणं-खतांच्या कंपनीच्या मुलाखतीला गेलीस तर चॅनेलच्या लिंकपेक्षा ही वही पुढे ठेव. पप्पांना सध्या तास ठरवून दे, आठवड्याला सहा. आतापर्यंत एका व्हिडिओला तुझे साडेतीन आठवडे जात होते, त्यांचा राग बहुधा त्यावर आहे.

कमेंट आज रात्रीच पिन कर. आणि पोलमध्ये घाटेअळीने मुसंडी मारली, तर घाई नाही. पीक फुलावर येईपर्यंत वेळ आहे. तोवर रावेचं जर्नल पूर्ण कर, ते राहिलं असणार.