मशीनने दगा दिला, आता सरांना मुदत कशी मागू?

"ताई, एमएस्सी केमिस्ट्रीला आहे, इंदूरमध्येच. यूव्हीचं मशीन बिघडलं आणि माझी रीडिंग्ज गेली, रिपोर्ट येत्या शुक्रवारी द्यायचाय. सर म्हणतील बहाणा करतेय, कारण त्याच मशीनवर दुसऱ्या बॅचचं काम मस्त चाललंय. बाबा म्हणतात सर आपल्या रामबागेच्या गणपतीला येतात, मी बोलतो त्यांच्याशी. काय करू?"

बाबांना आधी थांबवलं. इंदूरात आपली मराठी माणसं पुष्कळ, तरी सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणूनच ओळखीतून शब्द टाकला की सरांची पंचाईत होते, हो म्हणाले तर बाकीची मुलं बोलणार आणि नाही म्हणाले तर गणपतीत तोंड कसं दाखवायचं.

मग तिचं पत्र वाचलं. पानभर माफी, टेन्शन, रात्रभर झोप नाही, आणि मशीनबद्दल एकच ओळ, "इन्स्ट्रुमेंट खराब होतं". मी म्हटलं अगं, झोपेचं राहू दे, कशावरून खराब ते सांग. (मी समुपदेशक असले तरी बीएस्सी केमिस्ट्रीच आहे, म्हणून ही चौकशी जमली.) तर म्हणाली रीडिंग हलत होतं. वही उघडायला लावली तेव्हा खरं काय ते निघालं.

तिचं काम पॅरासिटामॉलच्या गोळ्यांत औषध किती ते मोजायचं, २५७ नॅनोमीटरचा यूव्ही प्रकाश सोल्यूशन किती शोषतं त्यावरून. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं स्टँडर्ड, म्हणजे औषध नेमकं किती ते माहीत असलेलं सोल्यूशन, अल्कलीत ०.७१५ च्या आसपास यायला हवं, आणि ही शहाणी पोर रोज काम सुरू करायच्या आधी ते एकदा घेत होती! गेल्या आठवड्यात सोमवारी ०.७१, बुधवारी ०.७२. शुक्रवारी तेच सोल्यूशन, ते भरायची तीच क्युव्हेट, लागोपाठ तीन वेळा घेतलं तर ०.७१, ०.६४, ०.६८. औषध नसलेला ब्लँक झीरो करून तसाच ठेवला तर थोड्या वेळात ०.०३ दाखवायला लागला. ०.७ वर ०.०३ म्हणजे फार वाटत नाही, पण तिच्या सगळ्यात पातळ स्टँडर्डचं, २ मायक्रोग्रॅमवालं, रीडिंगच मुळात ०.१४ असतं, तिथे ही चूक पाचव्या हिश्शाएवढी होते, मग कॅलिब्रेशनची रेघ सरळ येणार कुठून.

आणि दुसऱ्या बॅचचं कसं चाललं होतं? ते लोखंडाचं एस्टिमेशन करत होते ५१० नॅनोमीटरला. या मशीनमध्ये दिवे दोन असतात, दृश्य प्रकाशाला टंगस्टनचा आणि साधारण ३५० च्या खाली ड्युटेरियमचा. ड्युटेरियमचा दिवा जुना झाला की यूव्हीत रीडिंग नाचतं आणि ५१० ला सगळं ठणठणीत दिसतं. सरांच्या मनात येणारी शंका हीच होती आणि तिचं उत्तर पत्रात नव्हतंच.

तरी दिव्यावर आळ घेण्याआधी मी तिला दोन गोष्टी विचारल्या, कारण सरही विचारणारच. मशीन अर्धा तास तापू दिलं होतंस का? हो. क्युव्हेट क्वार्ट्झचीच होती ना, काचेची तर नाही, काच यूव्ही अडवते? क्वार्ट्झचीच, आणि दुसरी लावूनही तसंच. लॅब असिस्टंटने लॉगबुकमध्ये शुक्रवारची नोंद सही करून ठेवली होती, तिचा फोटो घे म्हटलं.

मैत्रिणीने एक सल्ला दिलेला, रेघ सरळ येईल असे आकडे टाक, कोण बघतंय. मी स्पष्ट सांगितलं, असं केलंस तर मुदत मागायचं कारणही उरणार नाही आणि व्हायव्हात सापडशील ते वेगळंच.

नवीन पत्र इंग्रजीत गेलं, मजकूर साधारण असा:

"आदरणीय सर, शुक्रवारपासून २५७ नॅनोमीटरला ब्लँक स्थिर राहत नाही. एकाच स्टँडर्डची तीन रीडिंग्ज ०.७१, ०.६४, ०.६८ आली. क्युव्हेट बदलूनही तसंच आलं, ५१० ला मात्र दुसऱ्या बॅचला अडचण नाही, त्यामुळे ड्युटेरियमच्या दिव्याची शंका आहे. सोमवार-बुधवारचं स्टँडर्ड बरोबर असल्याने तो डेटा ठेवते आहे. शुक्रवारचे गोळ्यांचे दोन नमुने परत घ्यावे लागतील, त्याला मशीन नीट झाल्यावर अर्धा दिवस लागेल. बाकीचा रिपोर्ट ठरलेल्या तारखेलाच देते, रिझल्टसाठी पुढच्या बुधवारपर्यंत मुदत मिळावी. लॉगबुकचं पान जोडलं आहे."

रोज स्टँडर्ड घेतलं नसतं तर "आधीचा डेटा बरोबर" हे तिला म्हणता आलं नसतं, मग सगळंच परत करायची मुदत मागावी लागली असती. तुमच्या वहीत असं रीडिंग नसेल तर तसंच लिहा.

सरांनी बुधवार नाही, मंगळवार दिला, आणि बिघडलेली रीडिंग्जही शेवटी जोड असं सांगितलं. बाबा थोडे नाराज आहेत, त्यांचा फोन करायचा राहिला.