आयपॉडचा आलेख आणि बदलत गेलेलं मार्केटिंग

प्रश्न: उत्पादन जीवनचक्राच्या चार अवस्था पाठ आहेत, आलेखही काढता येतो. पण प्रत्येक अवस्थेत मार्केटिंगचं धोरण नेमकं काय बदलतं आणि का बदलतं? एखादी खरी ग्राहकोपयोगी वस्तू घेऊन कुणी समजावेल का?

उत्तर:

मी आयपॉड, म्हणजे ॲपलचा खिशात मावणारा गाण्यांचा प्लेअर घेतो. त्याचं कारण सोयीचं आहे: जन्म, वाढ, कळस आणि शेवट हे सगळं वीस-एक वर्षांत उरकलं, आणि ॲपल बराच काळ दर तिमाहीला किती आयपॉड विकले ते जाहीर करत असल्यामुळे आलेख अंदाजाने काढावा लागत नाही.

सुरुवातीला एक गोष्ट. पुस्तकांत प्रत्येक अवस्थेपुढे किंमत, जाहिरात, वितरण वगैरेंचा तक्ता दिलेला असतो. तो पाठ करण्याऐवजी दर अवस्थेत एकच प्रश्न विचारा: जो माणूस अजून ही वस्तू घेत नाहीये, तो कशामुळे अडलाय? त्याचं उत्तर अवस्थेगणिक बदलतं आणि धोरण त्याच्या मागून जातं.

परिचयाची अवस्था. आयपॉड २००१च्या ऑक्टोबरमध्ये आला. खिशात मावणारे एमपीथ्री प्लेअर त्याच्या आधीपासून होते, पण बहुतेकांत गाणी मोजकीच मावत, आणि ज्यांत हार्ड डिस्क होती ते बोजड होते. ॲपलने १.८ इंची छोटी हार्ड डिस्क वापरून ५ जीबी जागा दिली आणि किंमत ठेवली ३९९ डॉलर. तेव्हा ती बऱ्याच जणांना अवाच्या सवा वाटली. पण या टप्प्यावर घेणारे थोडे असतात, सुटे भाग महाग असतात आणि जे घेतात ते किमतीपेक्षा नावीन्याला भुलतात. म्हणून आधी चढा भाव लावून वरची साय काढून घ्यायची, हा इथला एक रुळलेला मार्ग आहे. उलटा मार्गही आहे, सुरुवातीपासून कमी भाव लावून बाजार व्यापण्याचा. तो तेव्हाच परवडतो जेव्हा उत्पादन वाढल्यावर खर्च झपाट्याने उतरतो आणि स्पर्धक लगेच नक्कल करू शकतात.

जाहिरातीचं काम इथे ‘आमचीच घ्या’ हे सांगण्याचं नसतं, ‘ही वस्तू म्हणजे काय’ हे सांगण्याचं असतं. ‘खिशात हजार गाणी’ ही ओळ त्यासाठी चपखल होती. गिगाबाइट हा शब्द ज्याला कळत नाही, त्यालाही हजार गाणी कळतात.

तरीही पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षात (ॲपलचं वर्ष सप्टेंबरअखेर संपतं) चार लाखांहून कमी आयपॉड विकले गेले आणि दुसऱ्या वर्षी दहा लाखांच्या आत. आता वरचा प्रश्न विचारा. लोक कशामुळे अडले होते? वस्तू आवडत नव्हती म्हणून नव्हे. पहिला आयपॉड फक्त मॅक संगणकाला जोडता येत होता आणि घरोघरी होते विंडोजचे संगणक. दुसरं म्हणजे गाणी कायदेशीरपणे विकत घेण्याची सोपी सोय नव्हती. अशा वेळी जाहिरातीचा खर्च दुप्पट केला असता तरी फार फरक पडला नसता. परिचयाची अवस्था लांबते तेव्हा मी आधी वापरातले अडथळे बघतो, जाहिरात नंतर.

वाढीची अवस्था. ते अडथळे टप्प्याटप्प्याने निघाले. २००२मध्ये विंडोजवर चालणारा आयपॉड आला, २००३च्या एप्रिलमध्ये ९९ सेंटला एक गाणं विकणारं आयट्यून्स स्टोअर सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आयपॉडमध्ये गाणी भरण्याचा आयट्यून्स हा प्रोग्रॅम विंडोजवर आला. मग आकडे बघा: २००४च्या आर्थिक वर्षात सुमारे ४४ लाख, २००५मध्ये सव्वादोन कोटी. एका वर्षात पाचपट!

इथे मार्केटिंगचं जवळजवळ सगळंच पालटलं. जाहिरातीत रंगीत पार्श्वभूमीवर नाचणाऱ्या काळ्या आकृत्या आणि पांढरे इअरफोन दिसू लागले. किती गाणी मावतात, बॅटरी किती चालते, हा तपशील मागे पडला. वस्तू म्हणजे काय हे आता सांगायची गरज उरली नव्हती. सांगायचं होतं ते हे की आपल्यासारखी माणसं ती वापरतात. शिवाय वस्तू खिशात असली तरी पांढरी वायर बाहेर दिसायची, म्हणजे प्रत्येक ग्राहक फुकटात जाहिरात करत होता.

वितरणही पसरलं. ॲपलने एचपीसारख्या संगणक कंपनीलाही तिच्या मार्फत आयपॉड विकू दिला. हा प्रयोग २००५मध्येच संपला, पण वाढीच्या काळात कंपन्या वितरणासाठी किती सैल होतात ते त्यातून दिसतं. एरवी ॲपल असं करेल यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

किमतीबाबत मात्र एक बारकावा आहे. वाढीच्या अवस्थेत ‘भाव कमी करा’ असं सरसकट सांगितलं जातं. ॲपलने मुख्य आयपॉड स्वस्तात काढला नाही, खाली नव्या पायऱ्या बांधल्या. २००४च्या सुरुवातीला २४९ डॉलरचा मिनी आला, २००५च्या जानेवारीत ९९ डॉलरचा, पडदाच नसलेला शफल आला. वरच्या ग्राहकाकडून मिळणारा नफा शाबूत राहिला आणि खालून येणाऱ्या स्पर्धकाला जागा उरली नाही.

आणि या टप्प्यावरचा मला सगळ्यात धाडसी वाटणारा निर्णय: मिनी जोरात खपत असताना, सप्टेंबर २००५मध्ये तो बंद करून त्या जागी नॅनो आणला गेला. नॅनोत हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरी होती. पाठोपाठ ॲपलने पाच मेमरी उत्पादकांशी दीर्घ मुदतीचे करार केले आणि सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ देऊ केले. ही बातमी मार्केटिंगच्या सदरात येत नाही, पण वाढीच्या अवस्थेत माल कमी पडला तर मागणी स्पर्धकाकडे जाते. त्यामुळे पुरवठा बांधून ठेवणं हाच तिथला मोठा डाव असतो.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, परीक्षेत हमखास गोंधळ होतो तो इथेच. मिनी हे मॉडेल जेमतेम पावणेदोन वर्षं जगलं, आयपॉड ही मालिका वीस वर्षं, आणि खिशातून संगीत ऐकण्याची गरज त्याहून कितीतरी जुनी आहे. तीन वेगळे आलेख आहेत हे. कुठल्या आलेखाबद्दल बोलतोय हे ठरवल्याशिवाय ‘वस्तू कोणत्या अवस्थेत आहे’ या प्रश्नाला अर्थच नाही.

परिपक्वता. ही ओळखणं सगळ्यात अवघड, कारण ती येते तेव्हा विक्री विक्रमी असते. २००६मध्ये ३.९४ कोटी, २००७मध्ये ५.१६ कोटी, २००८मध्ये ५.४८ कोटी. नुसते आकडे पाहिले तर सगळं छान चाललंय. वाढीचा वेग मात्र साधारण ७५ टक्क्यांवरून ३१वर आणि मग ६वर आला. म्हणून विक्रीकडे बघू नका, वाढीच्या दराकडे बघा. तो दोन-तीन वर्षं सलग घसरत असेल, तर आलेख वर जात असतानाही परिपक्वता सुरू झालेली असते.

या टप्प्यावर न घेणारा माणूस का अडतो? बहुतेक वेळा त्याच्याकडे आधीच एक असतो. त्याला दुसरा घ्यायला कारण द्यावं लागतं. नॅनो दर वर्षी नव्या आकारात, नव्या रंगांत येऊ लागला. २००९मध्ये त्यात व्हिडिओ कॅमेरा आला. धावणाऱ्यांसाठी नायकेच्या बुटांशी जोडणारा संच २००६मध्येच आला होता. जुन्या वस्तूला नवा वापर शोधून द्यायचा, हा परिपक्वतेतला ठरलेला उपाय. शफल २००८मध्ये ४९ डॉलरवर आला, म्हणजे भेट म्हणून सहज देण्याजोगा. आणि विक्री सणासुदीच्या एका तिमाहीत किती एकवटली होती बघा: २००९च्या आर्थिक वर्षातल्या ५.४१ कोटींपैकी २.२७ कोटी त्या एका तिमाहीत गेले. जाहिरातीचं वेळापत्रकही मग त्याच तिमाहीभोवती बांधावं लागतं.

घसरण. २०१०मध्ये ५.०३ कोटी, २०१२मध्ये साडेतीन कोटी, २०१४मध्ये १.४४ कोटी. इथे धोरण ठरवण्याआधी एक तपासणी करायलाच हवी: आपलीच विक्री घटतेय की सगळ्या वर्गाचीच? फक्त आपली घटत असेल आणि स्पर्धकाची वाढत असेल, तर ती घसरणीची अवस्था नव्हे, आपलं मार्केटिंग चुकतंय. आयपॉडच्या बाबतीत कुणा स्पर्धकाने ग्राहक पळवले नव्हते. मायक्रोसॉफ्टचा झून तर आयपॉडच्या आधीच गुंडाळला गेला. लोक गाणी पूर्वीइतकीच ऐकत होते, पण फोनवर. आणि तो फोन ॲपलचाच होता! २००७मध्ये आयफोन जाहीर करताना त्याची ओळख ‘स्पर्शाने चालणारा आयपॉड’ अशीही करून दिली होती. २००९मध्ये कंपनीच्या वित्तप्रमुखांनी उघडपणे सांगितलं की पारंपरिक प्लेअरची विक्री घटणार हे अपेक्षितच आहे, कारण आम्हीच ती आयफोन आणि आयपॉड टचने खातोय.

गरज दुसरीकडे भागते आहे हे पक्कं झालं, की खर्च थांबवायचा आणि उरलेले निष्ठावान ग्राहक देतील तो नफा घ्यायचा. हार्ड डिस्कवाल्या मूळ आयपॉडचं, म्हणजे आयपॉड क्लासिकचं तेच केलं. सप्टेंबर २००९मध्ये १६० जीबीचं मॉडेल २४९ डॉलरला आलं आणि पुढची पाच वर्षं त्यात काहीच बदल न करता ते विकलं गेलं. भाव पाडला नाही, कारण ज्याला सगळा संग्रह एकाच यंत्रात हवा होता त्याला दुसरा पर्याय नव्हता. शेवटी २०१४मध्ये ते बंद झालं. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी सांगितलेलं कारण म्हणजे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि इतक्या थोड्या ग्राहकांसाठी नव्याने रचना करणं परवडणारं नव्हतं. घसरणीतली वस्तू अनेकदा अशीच संपते: मागणी शून्यावर यायच्या आधी पुरवठादार हात वर करतात. नॅनो आणि शफल २०१७मध्ये गेले, टच २०२२मध्ये, साठा संपेपर्यंत विकून.

हे उदाहरण जसंच्या तसं साबणाला किंवा टूथपेस्टला लावू नका. तिथे वर्ग म्हणून परिपक्वता अनेक दशकं चालते आणि ब्रँड नीट सांभाळला तर घसरण येईलच असं नाही. उलट व्यवस्थापकाने ‘आता उतरती कळा लागली’ असं ठरवून जाहिरात कापली, दुकानातली जागा सोडली, तर विक्री खरोखरच पडते आणि आपलं निदान बरोबर होतं असं त्याला वाटत राहतं. अशी शंका आली तर एखाद्या छोट्या भागात जाहिरात आणि दुकानातली मांडणी पूर्ववत करून दोन-तीन खरेदीचक्रं वाट पाहावी. विक्री परत आली, तर घसरण वस्तूची नव्हती.